शिफारसपत्रासाठीचे टिपण

परदेशी विद्यापीठात प्रवेश घेऊ इच्छिणारे विद्यार्थी शिफारसपत्राकरिता प्राध्यापकांना जे टिपण देतात, ते बहुधा गुणपत्रिकेचीच नक्कल असते. टक्केवारी, पारितोषिके, स्नेहसंमेलनातील पदे! ही माहिती अर्जात अन्यत्र असतेच. विद्यापीठाला हवे असते ते त्या शिक्षकाने स्वतः पाहिलेले. आणि दरवर्षी शंभरेक विद्यार्थ्यांना शिकविणाऱ्या शिक्षकाला दोन वर्षांपूर्वीचा प्रसंग आठवेलच असे नाही. ती आठवण जागी करणे हे टिपणाचे खरे काम.

स्थापत्य अभियांत्रिकीच्या एखाद्या विद्यार्थिनीचे उदाहरण घेता येईल. ‘प्रयोगशाळेत मेहनती’ एवढ्यावरून शिक्षकांना लिहिण्याजोगे काहीच मिळत नाही. त्याऐवजी तिने लिहावे : ‘पाचवे सत्र, काँक्रीट प्रयोगशाळा. २८ दिवसांच्या तीन ठोकळ्यांपैकी एकाचे सामर्थ्य फारच कमी आले. तो आकडा न वगळता कारण शोधले. साच्याला टेकलेल्या गुळगुळीत बाजूंऐवजी थापीने सारखी केलेली वरची बाजू यंत्राखाली आली होती. नवे ठोकळे करण्यास आपण परवानगी दिलीत.’ शेवटचे वाक्य सर्वांत मोलाचे, कारण त्यात शिक्षक स्वतः आहेत.

असे दोन-तीन प्रसंग एका पानावर पुरेत. मात्र प्रत्येक शिक्षकासाठी टिपण वेगळे हवे. एकच कागद तिघांना दिल्यास तिन्ही पत्रांत तीच हकिकत उमटते. विशेषणेही विद्यार्थ्याने पुरवू नयेत, तो अधिकार शिक्षकांचा. टिपण मुदतीच्या महिनाभर आधी पोहोचले, तर न आठवणारा प्रसंग गाळण्याची सवडही त्यांना मिळते.