धुक्याची जाळी आणि मुळशीची तहान

मुळशी तालुक्यात पाणी नाही असे म्हटले तर पुण्याच्या माणसाला ती थट्टाच वाटेल. याच तालुक्यातील ताम्हिणी घाटात जुलै २०२४ मध्ये एका दिवसात साडेपाचशे मिलिमीटरहून अधिक पाऊस कोसळला होता. सेनापती बापटांच्या सत्याग्रहाने १९२१ पासून ज्या धरणाला विरोध केला, त्या धरणाचे पाणी आजही घाट उतरून भिऱ्याच्या वीजगृहाकडे जाते. आणि त्याच जलाशयाच्या वरच्या डोंगरांवरील धनगरवाड्यांत उन्हाळा लागला की बायका हंडे घेऊन कडा उतरतात. अशा वाड्यांसाठी डोंगरमाथ्यावर जाळी उभारून धुक्यातले पाणी गोळा करावे, ही सूचना ऐकणाऱ्याला मोहात पाडणारी आहे. तिचा निकाल मात्र उत्साहाने नव्हे, हिशेबाने लावला पाहिजे.

हवेत अदृश्य बाष्प असते, आणि हवा जितकी उष्ण तितके ते अधिक मावते. तीस अंश सेल्सियसच्या एक घनमीटर हवेत सुमारे तीस ग्रॅम बाष्प राहू शकते. वीस अंशांवर फक्त सतरा. हवा थंड होत गेली की एका विशिष्ट तापमानाला ती बाष्पाने पूर्ण भरते. या तापमानाला दवबिंदू म्हणतात. त्याखाली उतरताच जास्तीचे बाष्प धूलिकणांवर वा मीठकणांवर थेंब होऊन बसते. हे उंच आकाशात घडले तर ढग, जमिनीला टेकून घडले तर धुके, आणि थंड झालेल्या पानावर किंवा पत्र्यावर घडले तर दव. तिन्हींचे कारण एकच. हवा गार कशी होते, एवढाच काय तो फरक.

हा फरकच येथे निर्णायक आहे. डिसेंबरच्या पहाटे मुळशीच्या जलाशयावर जे दाट धुके पसरलेले दिसते, ते निरभ्र रात्री जमिनीची उष्णता आकाशात निघून गेल्यामुळे होते. थंड, जड हवा दरीत साचते. वारा नसतो, म्हणूनच ते टिकते. आणि वारा नसतो म्हणूनच जाळ्याला त्याचा उपयोग नाही. धुक्याचे थेंब इतके सूक्ष्म असतात की ते स्वतःहून जाळ्यावर येऊन पडत नाहीत. वाऱ्याने त्यांना धाग्यांवर आपटावे लागते. शिवाय हे धुके खाली दरीत असते आणि तहानलेली वाडी वर माथ्यावर.

जाळ्याला हवे ते डोंगरावर चढणारे धुके. समुद्राकडून येणारी हवा सह्याद्रीला अडून वर चढते आणि दर शंभर मीटरला सुमारे एक अंशाने थंड होते. तिचा दवबिंदूही चढताना थोडा घसरतो. त्यामुळे पायथ्याचे तापमान आणि दवबिंदू यांतील प्रत्येक अंशाच्या अंतरामागे ढगाचा तळ साधारण सव्वाशे मीटर उंच जातो. जुलैमध्ये कोकणात तापमान २८ आणि दवबिंदू २५ असेल, तर अंतर तीन अंशांचे. ढग पावणेचारशे मीटरवरच तयार होतो आणि हजार मीटरच्या आसपासचे माथे दिवसेंदिवस त्यात बुडून राहतात. एप्रिलच्या दुपारी तापमान ३४ आणि दवबिंदू २२ असेल, तर अंतर बारा अंशांचे. ढगाचा तळ दीड हजार मीटरवर, म्हणजे माथ्याच्याही बराच वर जातो. घाटावरच्या कोरड्या हवेत तो याहूनही उंच राहतो. मुळशीचे दुखणे या दोन आकड्यांत सामावले आहे. धुके येते तेव्हा पाऊसही असतो; पाऊस नसतो तेव्हा धुकेही नसते.

जाळी मुळातच निरुपयोगी आहे, असा याचा अर्थ नव्हे. शेतकरी रोपांवर घालतात त्या शेडनेटसारखे विरळ विणीचे जाळे दोन खांबांमध्ये वाऱ्याला आडवे ताणायचे आणि खाली पन्हळ लावून पाणी टाकीत न्यायचे, एवढीच ही रचना. वीण फार दाट असली तर हवा जाळ्याला वळसा घालून जाते. फार विरळ असली तर थेंब निसटतात. धुक्याच्या घनमीटरमध्ये ०.२ ग्रॅम पाणी धरले आणि वारा सेकंदाला पाच मीटर असला, तर एक चौरस मीटर जाळ्यातून तासाला ३.६ लिटर पाणी जाते. त्यातला पाचवा हिस्सा हाती लागला तर पाऊण लिटरच्या आत. पाच तासांच्या धुक्यात साडेतीन लिटर.

चिलीच्या किनाऱ्यावरील चुंगुंगो या मच्छीमार गावाने एवढ्यावर दिवस काढले. तेथे पाऊस नाममात्र पडतो. पण थंड सागरी प्रवाहामुळे ढगांचा थर वर्षातला पुष्कळ काळ डोंगराच्या उंचीवरच अडकून राहतो. एल् तोफो डोंगरावरच्या शंभरेक मोठ्या जाळ्यांनी १९९२ पासून गावाला दिवसाला सरासरी पंधरा हजार लिटर पाणी दिले. तरीही दहा वर्षांच्या आसपास ही व्यवस्था मोडली. वाऱ्याने जाळी फाटतात, तारा सैल होतात, पन्हळी तुंबतात. त्या दुरुस्त करण्याची जबाबदारी आणि खर्च कोणाचा, याचे टिकाऊ उत्तर सापडले नाही. आपल्याकडे कच्छमधील कोठारा येथे आय.आय.एम. अहमदाबादचे प्रा. गिरजा शरण यांनी दवाचे प्रयोग केले. तेथे पावसाळ्याबाहेरही समुद्राची दमट हवा आणि निरभ्र रात्री एकत्र येतात. पण दवाची मर्यादा कडक आहे: उत्तम रात्रीही चौरस मीटरला अर्धा लिटर म्हणजे पुष्कळ झाले.

आता मुळशीचा हिशेब मांडू. वीस चौरस मीटर पत्र्याच्या छपरावर हंगामात तीन हजार मिलिमीटर पाऊस पडला, तर साठ हजार लिटर पाणी खाली येते. पाच माणसांच्या घराला पिण्यास व स्वयंपाकास दिवसाला पस्तीस लिटर लागतात असे धरले, तर फेब्रुवारी ते मे या चार महिन्यांची गरज फक्त बेचाळीसशे लिटरची. उणीव पाणी पकडण्याच्या साधनाची नाही, ते राखून ठेवण्याच्या टाकीची आहे. पाच हजार लिटरची झाकलेली टाकी, छपराला पन्हळ, पहिल्या पावसाचे घाण पाणी बाहेर सोडण्याची सोय आणि वर्षातून एकदा सफाई, एवढ्याने जे साधते ते जुलैच्या धुक्यात भिजलेल्या जाळ्याने साधणार नाही. गवती छपराच्या घरांना तेवढ्या मापाचा पत्रा आधी लागेल, हा खर्चही योजनेत प्रामाणिकपणे दाखवावा.

तरीही कोणाला जाळ्याची परीक्षा घ्यायची असेल, तर ती स्वस्तात घेता येते. माथ्यावर एक चौरस मीटरचे जाळे जमिनीपासून दोन मीटर उंच बांधावे आणि शेजारी पर्जन्यमापक ठेवावा. कारण जाळ्यावर आडवा पाऊसही पडतो, आणि धुक्याच्या नावावर पावसाचेच पाणी मोजले जाण्याचा धोका असतो. एक वर्ष रोज नोंद करावी. पर्जन्यमापक कोरडा असताना जाळ्याने काय दिले, तेवढेच जमेस धरावे. जवळच्या शाळेचे विद्यार्थीही हे काम करू शकतील. ऑक्टोबरात आणि मेअखेरीस, ढग खाली येऊ लागतात तेव्हा, काही लिटर हाती लागतीलही. मार्च-एप्रिलच्या रकान्यात मात्र शून्ये दिसली, तर ती मान्य करण्याची तयारी हवी.

एप्रिलमध्ये कडा उतरणाऱ्या बाईला जुलैच्या धुक्याचा उपयोग नाही. तिच्यासाठी खर्च करायचा पहिला रुपया टाकीवरच पडला पाहिजे.