उशिराचा घसारा

इंडियन ऑइलच्या वार्षिक अहवालात ‘विक्रीसाठी ठेवलेली मालमत्ता’ या टिपेखाली एक वाक्य वर्षामागून वर्ष छापले जाते. वापरातून काढलेली मालमत्ता ‘रास्त मूल्य वजा विक्रीखर्च’ या किमतीवर आणताना इतक्या कोटींचा तोटा झाला, एवढेच ते सांगते. संपूर्ण कंपनीसाठी एकच आकडा. त्यात कोयलीचा वाटा किती, कोणते युनिट निघाले, ते किती वर्षे चालायचे होते आणि किती चालले, याचा पत्ता नाही. कोयलीचा तेलशुद्धीकरण कारखाना सोव्हिएत मदतीने १९६५ मध्ये सुरू झाला. आता त्याची क्षमता वर्षाला १.३७ कोटी टनांवरून १.८ कोटी टनांवर नेली जात आहे. एवढ्या जुन्या कारखान्यात नवे उभे राहते तेव्हा काही जुने निघतेच. म्हणून स्पष्ट सांगायला हवे: या वाक्यातला तोटा बहुतांशी त्या वर्षाचा नसतो. तो आधीच्या वर्षांत लावायचा राहून गेलेला घसारा असतो.

हे कसे घडते, ते एका काल्पनिक उदाहरणावरून पाहू. एका जुन्या युनिटची पुस्तकी किंमत ४० कोटी रुपये आहे. ते बंद करून विकायचे ठरते. भारतीय लेखा मानक १०५ नुसार ते आहे त्या स्थितीत लगेच विकण्याजोगे हवे, ग्राहकाचा शोध खरोखर सुरू हवा आणि वर्षभरात विक्री होण्याची दाट शक्यता हवी. तसे असेल तर ते वेगळ्या शीर्षाखाली जाते आणि त्याचा घसारा थांबतो. आता त्याची किंमत लिलावात भंगारवाला देईल तीच. तो ‘जसे आहे, जिथे आहे’ या अटीवर बोली लावतो, म्हणजे तोडणी आणि वाहतुकीचा खर्च आधीच वजा करून. समजा १४ कोटी येतील आणि लिलावाचे कमिशन वगैरे १ कोटी जाईल. पुस्तकात १३ कोटी उरतात आणि २७ कोटी एका दिवसात तोट्यात जातात. पण त्या दिवशी लोखंड गंजले नाही, की तंत्रज्ञान कालबाह्य झाले नाही. बदलले ते फक्त शीर्ष.

यावर लेखापाल म्हणतील की नियमच तसा आहे. चालू कारखान्यात एकट्या युनिटची किंमत तपासली जात नाही. ज्या समूहातून पैसा येतो त्या समूहाची तपासली जाते. अख्खा कारखाना नफ्यात असेल तर त्यातले म्हातारे युनिट झाकले जाते आणि बाहेर काढल्यावरच उघडे पडते. हे खरे आहे. पण मानक १६ असेही सांगते की प्रत्येक मालमत्तेचे उपयुक्त आयुष्य आणि अखेरची किंमत दरवर्षी निदान एकदा तपासावी. विस्ताराचा निर्णय संचालक मंडळ काही वर्षे आधी घेते. जुने युनिट कधी निघणार, हे त्याच दिवशी ठाऊक होते. त्या दिवसापासून आयुष्य कमी धरून घसारा वाढवला असता, तर २७ कोटी उरलेल्या वर्षांत वाटले गेले असते. अपघात किंवा अचानक आलेला नियम ही सबब क्वचितच चालेल. बीएस-६ इंधन २०२० मध्ये येणार, हे सरकारने २०१६ मध्येच जाहीर केले होते. आठ लाख कोटींहून अधिक उलाढालीपुढे ही रक्कम क्षुल्लक, असेही कोणी म्हणेल. पण रक्कम लहान आहे म्हणून अंदाज बरोबर ठरत नाही. जी चूक दरवर्षी एकाच दिशेने होते, ती पद्धतीतली चूक असते.

‘वर्षभरात’ या शब्दाचीही आम्हाला धास्ती वाटते. टाटा स्टीलने आग्नेय आशियातला व्यवसाय विकण्यासाठी जानेवारी २०१९ मध्ये चीनच्या एचबीआयएसशी करार केला आणि तो व्यवसाय विक्रीच्या शीर्षाखाली नेला. ऑगस्टमध्ये करार बारगळला, आणि त्यातली सिंगापूरची नॅटस्टील २०२१ मध्ये दुसऱ्याच खरेदीदाराकडे गेली. तिथे निदान सारे जाहीर होते. तेलकंपनीच्या पसाऱ्यातला एखादा जुना टाकीसंच न विकता पडून राहिला, तर वाचकाला ते कळणारही नाही. सलग दोन वर्षांच्या टिपा शेजारी ठेवल्या आणि शिल्लक जवळपास तेवढीच दिसली, तरी तोच माल पडून आहे की जुना गेला आणि नवा आला, हे एकत्रित आकड्यातून समजत नाही. उलट त्याच टिपेत जमिनीबद्दल लिहिलेले असते की तिचे रास्त मूल्य पुस्तकी किमतीहून जास्त असल्याने तोटा नाही. किती जास्त, ते तिथेही नाही.

इंडियन ऑइलमध्ये निम्म्याहून जास्त भाग सरकारचा, म्हणजे जनतेचा आहे. तिच्या संचालक मंडळाने प्रत्येक कारखान्याची अशी मालमत्ता वेगळी दाखवावी: मूळ आयुष्य, प्रत्यक्ष वापर, पुस्तकी किंमत, अपेक्षित विक्री आणि किती महिन्यांपासून विक्रीला ठेवली आहे. आणि महालेखापरीक्षकांनी पुढच्या पूरक तपासणीत कोयलीचा प्रश्न सरळ विचारावा: निघणाऱ्या युनिटांचे आयुष्य विस्ताराच्या निर्णयानंतर कमी धरले होते का?