बीएफएसचं आउटपुट बरोबर, उत्तर चूक!

डेटा स्ट्रक्चर्सच्या जर्नलमध्ये बीएफएसचा प्रयोग प्रत्येकाने लिहिलेला असतो. ग्राफ काढायचा, प्रोग्राम चिकटवायचा आणि खाली आउटपुट म्हणून नोड्सची एक ओळ : ०, १, २, ३... सर सही करतात, आपण पुढच्या प्रयोगाकडे वळतो. माझं म्हणणं असं, की ही एक ओळ पाहून सही देणं बंद व्हायला हवं. कारण चुकीचा प्रोग्रामसुद्धा अगदी हीच ओळ छापू शकतो. कसं, ते दाखवतो.

मुळात बीएफएस हे नुसतं 'सगळे नोड फिरून येणं' नाही. ई. एफ. मूर यांचा १९५९ साली छापून आलेला शोधनिबंध चक्रव्यूहातून बाहेर पडायच्या सर्वांत छोट्या वाटेबद्दल होता. म्हणजे खरा मुद्दा आहे शॉर्टेस्ट पाथ, तोही ज्या ग्राफमध्ये प्रत्येक एजची किंमत सारखीच धरली आहे तिथला. ट्रॅव्हर्सल हा त्याचा बायप्रॉडक्ट. आपल्या जर्नलात मात्र बायप्रॉडक्टच तेवढा उरला आहे.

ए, बी, सी, डी नावांचे नोड घेण्यापेक्षा आपल्या ओळखीची जंक्शनं घेऊ. ० पुणे, १ कर्जत, २ दौंड, ३ मिरज, ४ कल्याण, ५ मनमाड, ६ कुर्डुवाडी, ७ भुसावळ, ८ सोलापूर. मधली स्टेशनं सोडून द्या. लोहमार्ग असे : पुण्याहून कर्जत, दौंड आणि मिरज, कर्जत–कल्याण, कल्याण–मनमाड, दौंड–मनमाड, दौंड–कुर्डुवाडी, मिरज–कुर्डुवाडी, मनमाड–भुसावळ, कुर्डुवाडी–सोलापूर. एकूण नऊ नोड, दहा एज. प्रश्न : पुणे ते भुसावळ कमीत कमी किती टप्पे?

प्रोग्रामचा गाभा एवढाच :

```c
q[rear++] = s;
dist[s] = 0;
while (front < rear) {
    u = q[front++];
    for (v = 0; v < n; v++)
        if (a[u][v] && dist[v] == -1) {
            dist[v] = dist[u] + 1;
            par[v] = u;
            q[rear++] = v;
        }
}
```

सुरुवातीला सगळे `dist` −१, म्हणजे 'अजून दिसला नाही'. वेगळा `visited` ॲरे लागतच नाही. आता कागद घ्या आणि क्यू लिहीत चला. कंसातला आकडा पुण्यापासूनचे टप्पे.

पुणे काढला : कर्जत(१), दौंड(१), मिरज(१)
कर्जत काढला : दौंड(१), मिरज(१), कल्याण(२)
दौंड काढला : मिरज(१), कल्याण(२), मनमाड(२), कुर्डुवाडी(२)
मिरज काढला : कल्याण(२), मनमाड(२), कुर्डुवाडी(२)
कल्याण काढला : मनमाड(२), कुर्डुवाडी(२)
मनमाड काढला : कुर्डुवाडी(२), भुसावळ(३)
कुर्डुवाडी काढला : भुसावळ(३), सोलापूर(३)

शेवटचे दोन काढले की क्यू रिकामा. `par` धरून उलटं या : भुसावळ, मनमाड, दौंड, पुणे. तीन टप्पे.

आता हे आकडे नीट बघा. कुठल्याही ओळीत क्यूमध्ये जास्तीत जास्त दोनच वेगळे आकडे आहेत, तेही लागोपाठचे, आणि लहान आकडा नेहमी पुढे. हेच बीएफएसचं सगळं मर्म. एक टप्प्यावरचे सगळे संपल्याशिवाय दोन टप्प्यांवरचा कोणी बाहेर येत नाही, म्हणून नोडवर पहिल्यांदा जो आकडा पडतो तोच सर्वांत लहान असतो. मिरज काढला तेव्हा कुर्डुवाडी आधीच दिसलेलं होतं, म्हणून काही झालं नाही. कल्याण काढल्यावर मनमाडचंही तेच.

आता ती चूक. नोड क्यूमधून *काढताना* `visited` करायचा, आणि काढलेला नोड आधीच `visited` असेल तर तो सोडून द्यायचा, असा प्रोग्राम हातोहात फिरत असतो. वरवर फरक वाटत नाही. पण ट्रेस करून पाहा. मिरज काढला तेव्हा कुर्डुवाडी क्यूत उभं आहे, पण `visited` नाही. म्हणून ते पुन्हा आत. मग कल्याण काढला. मनमाडही क्यूत ताटकळत आहे, `visited` नाही, म्हणून त्याच्या २ वर ३ लिहिला जातो आणि `par` होतो कल्याण. पाठोपाठ मनमाड बाहेर येतं ते ३ घेऊन आणि भुसावळला देतं ४. प्रोग्राम ऐटीत सांगतो : पुणे, कर्जत, कल्याण, मनमाड, भुसावळ, चार टप्पे!

आणि ट्रॅव्हर्सलची ओळ? पुणे, कर्जत, दौंड, मिरज, कल्याण, मनमाड, कुर्डुवाडी, भुसावळ, सोलापूर. तंतोतंत तीच. जर्नलवर सही पक्की.

गंमत म्हणजे दौंडला १ आणि कर्जतला २ नंबर दिला, तर याच चुकीच्या प्रोग्रामात भुसावळचं उत्तर ३ येतं. चुकतं ते कल्याण. म्हणजे एकाच उदाहरणावर 'चाललं की राव' म्हणण्यात अर्थ नाही. शिवाय नऊ नोडांच्या ग्राफमध्ये क्यूत अकरा वेळा भर पडली. `q[9]` एवढाच ॲरे घेतला असेल तर तो भरून वाहतो, आणि सी त्याबद्दल चकार शब्द काढेलच असं नाही. बरोबर प्रोग्रामात प्रत्येक नोड एकदाच आत जातो, म्हणून नऊ जागा पुरतात.

मग तपासायचं कसं? दोन कसोट्या पुरेशा आहेत. एक, कुठल्याही एजच्या दोन टोकांच्या `dist` मध्ये एकापेक्षा जास्त फरक नको. दोन, सुरुवातीचा नोड ० असावा आणि बाकी प्रत्येक नोडला स्वतःपेक्षा बरोबर एकने कमी असलेला शेजारी असावा. पहिलीमुळे आकडा खऱ्या अंतरापेक्षा मोठा होऊ शकत नाही, दुसरीमुळे लहान होऊ शकत नाही. वरच्या चुकीत दौंड १ आणि मनमाड ३. चोर लगेच सापडला. नऊ नोडांसाठी दोन मिनिटांचं काम.

यावर कुणी म्हणेल, एवढं करून रेल्वेचं तिकीट तर काढता येणार नाही. खरं आहे. बीएफएसला किलोमीटर दिसत नाहीत. पुण्याहून कुर्डुवाडी दौंडवरून दोनशे किलोमीटरच्या आत आहे, मिरजेवरून चारशेच्या वर. बीएफएसच्या लेखी दोन्हीकडून दोनच टप्पे. मिरजेचा नंबर दौंडच्या आधी लावला तर तो खुशाल मिरजेवरून पाठवील, आणि ती त्याची चूक नसेल. प्रश्नच तसा विचारलेला आहे. किलोमीटर हवे असतील तर डायक्स्ट्राकडे जा. पण डायक्स्ट्रामध्ये क्यूच्या जागी प्रायॉरिटी क्यू का येतो, हे ज्याने वरचा क्यू हाताने लिहिलाय त्यालाच चटकन कळेल : तिथे आकडे आपोआप चढत्या क्रमाने उभे राहत नाहीत, म्हणून ते मुद्दाम लावून घ्यावे लागतात.

तेव्हा माझी मागणी साधी आहे. या प्रयोगात ट्रॅव्हर्सलची ओळ नको. क्यूचा ट्रेस, `dist` आणि `par` चा तक्ता आणि वरच्या दोन कसोट्या, एवढं एक पान हवं, तेही हाताने. ज्युनियरकडून उतरवलेला प्रोग्राम सगळ्यांचा सारखाच असतो. प्रत्येकाला वेगळा ग्राफ दिला, की ट्रेस मात्र ज्याचा त्यालाच लिहावा लागेल.