इशारा : उद्या संध्याकाळी सहापर्यंत

पांढरकवड्यातील आमच्या गल्लीच्या कोपऱ्यावरचे दुमजली घर ज्यांचे आहे, त्यांना गल्लीतल्या रहिवाशांचा हा शेवटचा इशारा. समोरच्या गच्चीवरून काढलेला तुमच्या घराचा फोटो सोमवारी तुम्हाला पाठवला. ‘पावसाळा आहे, पाणी साचणारच’ असे उत्तर आले. म्हणून त्या फोटोत काय आहे ते आता नीट ऐका.

पत्रा उडू नये म्हणून वर दोन जुने टायर ठेवले आहेत. त्यांतल्या एकाच्या काळ्या पोटात आभाळाचा पांढरा तुकडा चमकतो. ते पाणी आहे. अंगणातल्या निळ्या ड्रमवर झाकण अर्धेच आहे. मागच्या खिडकीत कूलर आहे. त्याची टाकी फोटोत दिसत नाही, पण उन्हाळा सरल्यापासून तो कोणी हलवलेला नाही.

आज सकाळी तुमच्या भाडेकरूंना विचारून शिडी लावली आणि टायरमधले पाणी पांढऱ्या वाटीत घेतले. वळवळणाऱ्या अळ्यांसोबत स्वल्पविरामासारखे वाकलेले कोषही होते. कोषातून साधारण दोन दिवसांत डास बाहेर पडतो. मुदत उद्याचीच का, ते यावरून कळेल. कूलरच्या टाकीतही अळ्या आहेत. डेंग्यू पसरवणारा एडिस डास अशाच साठवलेल्या, दिसायला स्वच्छ पाण्यात वाढतो आणि चावतो दिवसा, म्हणजे लेकरे अंगणात खेळत असताना.

टायर नुसता उलटा करून भागत नाही, कडेच्या पोकळीत पाणी उरतेच. दोन्ही टायर खाली उतरवून पाणी काढा आणि कोरड्या जागी छताखाली ठेवा. पत्र्यावर विटा ठेवा. कूलरचे पाणी नालीत सोडू नका, कोरड्या मातीवर ओता. मग टाकीच्या आतल्या भिंती ताठ ब्रशने घासा. एडिसची मादी अंडी पाण्याच्या रेषेच्या जरा वर चिकटवते, आणि ती कोरड्यातही महिनोन्‌महिने टिकतात. न घासता ठेवलेल्या टाकीत पुढच्या उन्हाळ्यात पाणी भरले की तीच अंडी फुटतील. कूलरमधला जुना गवताचा भुसाही काढून जाळा. ड्रम रिकामा करून घासा, मग भरा आणि तोंडावर कापड ताणून बांधा. अंड्यापासून डास व्हायला आपल्याकडच्या उकाड्यात आठवडा-दहा दिवस लागतात, म्हणून ही घासणी दर आठवड्याला झाली पाहिजे.

धूर फवारणीची वाट पाहू नका. धुराने उडते डास मरतात, पाण्यातल्या अळ्या नाही.

उद्या सहा वाजता त्याच गच्चीवरून पुन्हा फोटो काढू. टायर पत्र्यावरच दिसले, तर दोन्ही फोटो आणि गल्लीतल्या सर्वांच्या सह्यांची तक्रार परवा सकाळी नगर परिषदेच्या आरोग्य विभागात दाखल होईल. अर्ज लिहून तयार आहे.