अध्यादेश निघाला, पुढे काय?

मोर्च्यात ‘अध्यादेश काढा’ ही मागणी आपण सहज करतो. अध्यादेश निघाला की पेढे वाटतो आणि घरी जातो. २०१४ साली हीच सवय आपल्याला महाग पडली.

४ मार्च २०१४ रोजी अ‍ॅट्रॉसिटी कायद्यात दुरुस्ती करणारा अध्यादेश निघाला. चपलांचा हार घालणे, डोके भादरणे, मेलेली जनावरे ओढायला लावणे हे गुन्हे त्यात स्पष्ट शब्दांत आले. नंतर लोकसभेची निवडणूक झाली आणि जूनमध्ये नवी संसद भरली. कलम १२३ नुसार अधिवेशन सुरू झाल्यापासून सहा आठवड्यांनी अध्यादेश आपोआप संपतो. दोन्ही सभागृहे वेगवेगळ्या दिवशी भरली, तर नंतरची तारीख धरतात. विधेयक १६ जुलैला लोकसभेत आले, पण स्थायी समितीकडे गेले आणि त्याच महिन्यात अध्यादेश संपला. कायदा लागू झाला २६ जानेवारी २०१६ला. मधल्या दीड वर्षात घडलेल्या प्रकारांना ही नवी कलमे लावता आली नाहीत. पीडितांच्या हाती १९८९चा जुनाच कायदा राहिला.

मग सरकारने अध्यादेश पुन्हा का काढला नाही, असे आमच्यातलेच काही जण विचारतात. राग समजतो, पण मागणी चुकीची आहे. हा रस्ता बिहारने दाखवला होता. पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेतले डॉ. डी. सी. वाधवा यांनी तिथली राजपत्रे चाळली. १९६७ ते १९८१ या काळात २५६ अध्यादेश निघाले होते आणि विधानसभेपुढे न नेता तेच पुन्हा पुन्हा काढून काही तर चौदा वर्षांपर्यंत जिवंत ठेवले होते. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर १९८६ मध्ये याला संविधानाशी केलेली फसवणूक म्हटले. २०१७ साली सात न्यायाधीशांच्या पीठाने हेच पुन्हा सांगितले आणि अध्यादेश सभागृहापुढे ठेवणे सक्तीचे असल्याचेही स्पष्ट केले.

१९४९ साली संविधान सभेत या अधिकारावर टीका झाली, तेव्हा बाबासाहेबांनी १९३५च्या कायद्यातला फरक दाखवला. त्यातल्या कलम ४३ने गव्हर्नर जनरलला कायदेमंडळ चालू असतानाही स्वतंत्रपणे अध्यादेश काढता येत असे. ते आपण घेतले नाही. घेतले ते कलम ४२सारखे, म्हणजे सभागृह भरलेले नसताना तातडी उद्भवली तर तेवढ्यापुरते. (संसद महिनाभरात भरणार असताना निघालेल्या अध्यादेशातली ‘तातडी’ नेमकी कोणाची, हे जरूर विचारावे.)

म्हणून अध्यादेश निघाला त्याच दिवशी अधिवेशनाची तारीख शोधायची आणि सहा आठवडे मोजायचे. विधेयक मांडले गेले का, समितीकडे गेले का, हे आपल्या खासदाराला दर आठवड्याला विचारायचे. २०१४च्या जुलैत आम्ही हे विचारले नव्हते.