‘खात्री असेल तरच लिहा’ हा सल्ला महागात पडतो

‘नीट’च्या परीक्षेला निघालेल्या मुलांना घरातून आणि शिकवणीतून एकच सूचना वारंवार मिळते: शंभर टक्के खात्री असेल तरच गोळा काळा कर, नाहीतर सोडून दे. निगेटिव्ह मार्किंगची धास्ती यामागे असते. मात्र ‘नीट’च्या गुणपद्धतीत हा सल्ला चक्क तोट्याचा आहे, आणि त्याचा तोटा बेफिकीर मुलांना होत नाही. तो सांगितलेलं ऐकणाऱ्या, जपून वागणाऱ्या मुलांना होतो.

हिशेब साधा आहे. बरोबर उत्तराला 4 गुण, चुकीला वजा 1, सोडलेल्या प्रश्नाला शून्य. पर्याय चार. प्रश्न वाचलाही नाही आणि डोळे मिटून एक पर्याय निवडला, असं चार प्रश्नांत केलं, तर सरासरी एक बरोबर येईल आणि तीन चुकतील. म्हणजे 4 मिळाले, 3 गेले. हाती उरला 1. आंधळ्या तुक्क्यातही सरासरी थोडा फायदाच आहे. उत्तर बरोबर येण्याची शक्यता पाचात एक असली, तरी ना नफा ना तोटा. ‘यूपीएससी’च्या पूर्वपरीक्षेत मात्र चुकीला प्रश्नाच्या गुणांचा एक तृतीयांश भाग कापला जातो, तिथे चार पर्यायांतला आंधळा तुक्का सरासरी शून्यावर येतो. दंड ठरवताना मूळ कल्पना हीच असते, की नुसत्या नशिबाने कोणाचं भलं होऊ नये.

अर्थात सरासरी म्हणजे हमी नव्हे. ‘नीट’मध्ये 20 प्रश्नांवर आंधळे तुक्के मारले, तर अपेक्षित फायदा 5 गुणांचा, पण तीन किंवा त्याहून कमी बरोबर येऊन गुण कमी होण्याची शक्यता शंभरात सुमारे 22 आहे. एवढ्याशा फायद्यासाठी एवढा धोका कोणी टाळला, तर त्याला दोष देता येणार नाही.

पण परीक्षेला बसलेला मुलगा सहसा पूर्ण आंधळा नसतोच. समजा प्रश्न आहे: रक्त गोठण्यासाठी कोणतं जीवनसत्त्व लागतं? पर्याय अ, ब-12, क आणि के. मुलीला आठवतं, ‘अ’च्या अभावी रातांधळेपणा येतो आणि ब-12 कमी पडल्यास पंडुरोग होतो. दोन पर्याय गेले. उरलेल्या दोघांत ती अडकते आणि सल्ल्याप्रमाणे प्रश्न सोडते. इथे तिची शक्यता निम्मी झालेली होती. सरासरीने प्रत्येक अशा प्रश्नामागे दीड गुणाचा फायदा. असे 12 प्रश्न सोडले, तर 18 गुण कोऱ्या गोळ्यांत राहिले. तेवढंच येत असलेली धीट मैत्रीण सरासरी 18 गुणांनी पुढे जाते.

याच प्रश्नात दुसरी बाजूही दिसते. ‘क’ कमी पडलं की हिरड्यांतून रक्त येतं, हे अर्धवट आठवणारा विद्यार्थी मोठ्या विश्वासाने ‘क’ निवडतो. बरोबर उत्तर ‘के’. चांगला प्रश्नकर्ता चुकीचे पर्याय असेच निवडतो, अर्धवट ज्ञानाला ओढून घेणारे. अशा प्रश्नात ‘मला वाटतंय’ची किंमत चिठ्ठी टाकण्यापेक्षाही कमी असू शकते. म्हणून पर्याय कारण देऊन खोडणं वेगळं आणि एखादा पर्याय ओळखीचा वाटणं वेगळं.

हा फरक सराव परीक्षेत मोजता येतो. ज्या उत्तराची खात्री नाही, त्या प्रश्नापुढे खूण करायची, पण उत्तर द्यायचंच. चार-पाच पेपरांत असे 40 प्रश्न जमले की किती बरोबर आले ते पाहायचं. 14 आले, तर 56 मिळाले, 26 गेले, 30 गुणांचा फायदा. 8 म्हणजे बरोबरी. 6 आले, तर 10 गुण गेले आणि त्या मुलाने खरंच हात आखडता घ्यावा. भौतिकशास्त्र आणि जीवशास्त्र यांची नोंद वेगळी ठेवलेली बरी. एका विषयातला अंदाज दुसऱ्यात चालेलच असं नाही. (एमएचटी-सीईटीत चुकीला दंडच नाही. तिथे कोरा प्रश्न ठेवण्याला काहीच कारण नाही, तरी सवयीने ठेवणारे असतातच.)

दंडाची पद्धत ज्ञानाबरोबर धिटाईही मोजते, ही तिची खरी खोट आहे. अर्थतज्ज्ञ केटी कॉफमन यांनी 2014 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात, दंड असताना तेवढंच ज्ञान असलेल्या मुलींनी मुलांपेक्षा जास्त प्रश्न सोडले आणि त्यामुळे त्यांचे गुण घटले. अमेरिकेच्या ‘सॅट’ परीक्षेने 2016 पासून चुकीचा दंड काढून टाकला. आपल्याकडे दंड ठेवायचाच असेल, तर निदान पेपरवरच्या सूचनांत एक ओळ वाढवता येईल: एखादा पर्याय कारणासह खोडता आला, तर उत्तर देणं सरासरीने फायद्याचं आहे. सध्या ही माहिती बहुतेक महागड्या शिकवण्यांतल्या मुलांकडेच असते.