तिसऱ्या दिवशी विचारायचा प्रश्न

‘डॉक्टर, आई आता कुठे बरी होते आहे आणि तुम्ही औषध हलकं का केलंत?’ रुग्णाच्या मुलाचा हा प्रश्न मला नवा नाही. मोठे इंजेक्शन बंद करून साध्या गोळ्या लिहिल्या की बहुतेक नातेवाईक असेच विचारतात. त्यामागे काळजी असते. खर्च वाचवण्यासाठी किंवा खाट रिकामी करण्यासाठी हे चालले आहे, अशी शंकाही असते. म्हणून अशा एका रुग्णाची गोष्ट पहिल्या दिवसापासून सांगतो.

बासष्ट वर्षांच्या बाई. दहा-बारा वर्षांचा मधुमेह. दोन दिवस लघवीला जळजळ, मग हुडहुडी भरून ताप, उजव्या कुशीत ठणका. रुग्णालयात आणले तेव्हा रक्तदाब ९० च्या खाली आणि बोलणे थोडे असंबद्ध. मूत्रपिंडातला जंतुसंसर्ग रक्तात उतरल्याची ही लक्षणे. अशा वेळी जंतू कोणता, याची वाट पाहत बसता येत नाही. त्यांना तासाभरात मेरोपेनेम सुरू केले. हे प्रतिजैविक म्हणजे अँटिबायोटिक पुष्कळ प्रकारच्या जंतूंवर चालते. त्या दिवशी तो निर्णय योग्यच होता.

पण इंजेक्शनची पहिली सुई टोचण्याआधी परिचारिकेने आणखी एक काम केले. दोन्ही हातांतून वेगवेगळे रक्त घेऊन ते कल्चरच्या चार बाटल्यांत, प्रत्येकी आठ ते दहा मिलिलिटर भरले आणि लघवीचा नमुनाही पाठवला. या कामाला दहा मिनिटे लागतात. ती दहा मिनिटे वाचवून आधी इंजेक्शन दिले, तर बाटलीत जंतू वाढण्याची शक्यता बरीच घटते. मग पुढचा सगळा उपचार अंदाजावर चालतो. रक्त थोडे घेतले तरी तेच होते, कारण मिलिलिटरभर रक्तात कधी कधी एखादाच जंतू असतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी प्रयोगशाळेतून फोन आला, की बाटल्यांत जंतू वाढला असून तो ग्रॅम-निगेटिव्ह दंडाणू आहे. तिसऱ्या दिवशी पूर्ण अहवाल आला. जंतू ई. कोलाय. तोपर्यंत ताप उतरला होता, रक्तदाब सावरला होता, बाई पेज-भात खात होत्या. सोनोग्राफीत मूत्रमार्गात खडा किंवा अडथळा नव्हता, पूही साचलेला नव्हता. प्रतिजैविकाच्या उपचारातला खरा निर्णय या दिवशी घ्यायचा असतो आणि बहुतेक ठिकाणी तो घेतलाच जात नाही. रुग्ण सुधारतो आहे ना, मग चालू आहे ते चालू द्या, एवढ्यावर विषय संपतो.

अहवालात औषधांची यादी असते आणि प्रत्येकासमोर एक अक्षर. ‘एस’ म्हणजे जंतू त्या औषधाला दबतो, ‘आर’ म्हणजे दबत नाही. बाईंच्या अहवालात सेफ्ट्रियाक्सोन आणि सिप्रोफ्लॉक्सासिनसमोर ‘आर’ होते. मेरोपेनेम, पिपरॅसिलिन-टॅझोबॅक्टम, नायट्रोफ्युरँटॉइन आणि को-ट्रायमॉक्सॅझोल यांच्यासमोर ‘एस’. मग ‘एस’ असलेले कोणतेही औषध उचलावे का? तसे नाही.

नायट्रोफ्युरँटॉइन लघवीत भरपूर उतरते, पण रक्तात आणि मूत्रपिंडाच्या पेशींत पुरेसे पोहोचत नाही. मूत्राशयापुरत्या संसर्गाला ते उत्तम, या बाईंना निरुपयोगी. पिपरॅसिलिन-टॅझोबॅक्टमची गोष्ट वेगळी आहे. सेफ्ट्रियाक्सोनला न दबणारा ई. कोलाय बहुधा ‘ईएसबीएल’ नावाचे एन्झाइम बनवणारा असतो. रक्तात असा जंतू असलेल्या रुग्णांत या दोन इंजेक्शनांची तुलना करणारा ‘मेरिनो’ अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात महिनाभरात मेरोपेनेम घेणाऱ्यांपैकी ३.७ टक्के, तर पिपरॅसिलिन-टॅझोबॅक्टम घेणाऱ्यांपैकी १२.३ टक्के रुग्ण दगावले. म्हणजे कागदावरचे ‘एस’ पुरेसे नसते. औषध संसर्गाच्या जागी पोहोचते का आणि त्या जंतूवर प्रत्यक्ष रुग्णात चालते का, हेही पाहावे लागते.

राहिले को-ट्रायमॉक्सॅझोल. जुने, स्वस्त औषध. तोंडाने घेतले तरी रक्तात जवळपास पूर्ण उतरते. बाईंना सल्फाची ॲलर्जी नव्हती आणि क्रिएटिनिन पूर्ववत झाले होते. या गोळ्यांनी रक्तातले पोटॅशियम वाढू शकते, त्यात त्या रक्तदाबासाठी टेल्मिसार्टन घेत होत्या, म्हणून पोटॅशियम तपासले आणि दोन दिवसांनी पुन्हा तपासायचे ठरवले. मधुमेहाच्या काही गोळ्यांबरोबर साखर उतरू शकते, तेही सांगितले. मग मेरोपेनेम बंद केले. मुलाने तो प्रश्न विचारला तो तेव्हा.

त्याला मी सांगितले ते असे. मेरोपेनेम हे ‘जास्त ताकदीचे’ औषध नाही, ते जास्त प्रकारच्या जंतूंना मारणारे औषध आहे. आईच्या रक्तातला जंतू कोणता हे आता कळले आहे आणि या गोळ्या त्याला पुरेशा आहेत. मेरोपेनेम चालू ठेवले तर त्या जंतूच्या बाबतीत जास्तीचे काही मिळणार नाही. मात्र तिच्या आतड्यातले निरुपद्रवी जंतू मरत राहतील. त्यांच्या रिकाम्या जागी मेरोपेनेमलाही न दबणारे जंतू वाढू शकतात. ते लगेच त्रास देत नाहीत, पण पुढच्या वेळी मूत्रमार्गात हेच जंतू शिरले तर आपल्या हातात फारच थोडी औषधे उरतील. शिवाय हातांवरून, कॅथेटरवरून ते शेजारच्या खाटेपर्यंतही जातात. ही भीती पुस्तकी नाही. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या म्हणजे आयसीएमआरच्या पाहणीत, मेरोपेनेमच्याच कुळातल्या इमिपेनेमला दबणाऱ्या ई. कोलायचे प्रमाण २०१७ मध्ये सुमारे ८१ टक्के होते, ते २०२२ मध्ये ६६ टक्क्यांवर आले.

दुसरा निर्णय थांबण्याचा. बाईंना एकूण सात दिवसांचा उपचार द्यायचे ठरले. हे दिवस परिणामकारक औषध सुरू झाले तेव्हापासून मोजायचे. पहिलेच औषध जंतूला लागू पडत होते, म्हणून मोजणी पहिल्या दिवसापासून. ते चुकीचे निघाले असते, तर योग्य औषध सुरू झाले तो दिवस पहिला धरला असता. गोळ्यांवरचे दिवसही यातच धरायचे. इंजेक्शनचे वेगळे आणि गोळ्यांचे वेगळे असे दोन कोर्स होत नाहीत.

रक्तातल्या जंतुसंसर्गाला चौदा दिवस औषध देण्याची रीत जुनी आहे. पण सात-चौदाचे हे आकडे प्रयोगांतून कमी आणि आठवड्याच्या हिशेबातून जास्त आले आहेत. ते प्रयोग आता झाले आहेत. सात देशांतल्या ७४ रुग्णालयांत ३६०० हून अधिक रुग्णांवर झालेला ‘बॅलन्स’ अभ्यास २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला. नव्वद दिवसांतील मृत्यू सात दिवसांच्या गटात १४.५ टक्के आणि चौदा दिवसांच्या गटात १६.१ टक्के होते. म्हणजे जास्तीच्या आठवड्याने काही वाचवले नाही.

इथे सावध राहिले पाहिजे. या अभ्यासात स्टॅफिलोकोकस ऑरियसचा रक्तसंसर्ग झालेले रुग्ण नव्हते. त्यांना किमान चौदा दिवस आणि अनेकदा चार ते सहा आठवडे औषध लागते. हृदयाच्या झडपेचा किंवा हाडाचा संसर्ग, न काढलेला पू, प्रतिकारशक्ती फार खालावलेले रुग्ण यांनाही सात दिवसांचा हिशेब लागू नाही. क्षयरोगाची औषधे तर महिनोन्‌महिने घ्यायची असतात आणि ती मध्येच सोडणे घातक असते. ‘कोर्स पूर्ण करा’ हा सल्ला चुकीचा नाही. प्रश्न इतकाच, की कोर्स किती दिवसांचा हे कशावरून ठरवले. त्यामुळे बरे वाटले म्हणून घरच्या घरी गोळ्या बंद करू नयेत. ‘किती दिवस आणि का’ हे लिहून देताना डॉक्टरांना विचारावे.

थांबल्यावरही एक फसगत होते. ‘जंतू गेले का बघू’ म्हणून लघवीचे कल्चर पुन्हा पाठवले जाते. मधुमेही आणि वयस्क बायकांच्या लघवीत त्रास नसतानाही जंतू सापडतात. गर्भवती स्त्रिया आणि मूत्रमार्गावर शस्त्रक्रिया व्हायची असलेले रुग्ण सोडले, तर त्यावर उपचार करायचा नसतो. पण अहवालावर ‘ई. कोलाय’ दिसले की नवे औषध सुरू होते. बाईंना ताप नव्हता, जळजळ नव्हती, म्हणून आम्ही ते कल्चर पाठवलेच नाही.

हे सारे डॉक्टरांना ठाऊक नसते असे नाही. मग होत का नाही? माझ्या मते कारण भीतीच्या हिशेबात आहे. औषध थांबवल्यावर रुग्णाला पुन्हा ताप आला तर दोष थांबवणाऱ्याला लागतो. औषध चालू ठेवल्यामुळे तीन महिन्यांनी कुठलेच औषध न लागणारा संसर्ग झाला तर त्याचा दोष कुणालाच लागत नाही. तेव्हा रुग्णालय वेगळे असते, डॉक्टरही वेगळे असतात. लहान गावांत कल्चरची सोय नसते आणि अहवाल यायला चार-पाच दिवस लागतात, हीदेखील खरी अडचण आहे. तिथेही बाटल्या ठेवणे, औषधाआधी रक्त घेऊन जवळच्या प्रयोगशाळेत पाठवणे शक्य असते. कल्चर अजिबात झाले नाही, तरी कोर्स किती दिवसांचा हा निर्णय घेता येतो.

या भीतीवर डॉक्टरांना उपदेश करून उपाय होणार नाही. निर्णय एकट्याच्या डोक्यावर न ठेवता तो कागदावर आणावा लागेल. जानेवारी २०२४ मध्ये केंद्राच्या आरोग्यसेवा महासंचालनालयाने डॉक्टरांना पत्र लिहून प्रतिजैविक देताना त्याचे कारण नोंदवण्याची विनंती केली होती. मी त्यात आणखी दोन ओळी मागेन. पहिल्या दिवशी केसपेपरवर तीन गोष्टी असाव्यात: हे औषध कशासाठी, त्याचा फेरविचार कोणत्या तारखेला आणि ते थांबणार कोणत्या तारखेला. ती तारीख ओलांडायची असेल तर कारण लिहावे. असे झाले की ‘थांबवले का?’ याऐवजी ‘चालू का ठेवले?’ याचे उत्तर द्यावे लागेल.

नातेवाईकांनीही तिसऱ्या दिवशी विचारावे, ‘कल्चरमध्ये काय आले? आता औषध बदलता येईल का?’ बाई पाचव्या दिवशी घरी गेल्या, सातव्या दिवशी शेवटची गोळी घेतली. मुलाने कागदावरची तारीख वाचून स्वतःच फोन केला, ‘डॉक्टर, आज बंद ना?’ मी म्हटले, ‘हो, आज बंद.’